तोंडाभोवतीची मधाच्या रंगाची खपली

*माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. आठवड्यापूर्वी त्याला सर्दी झाली, नाक सारखे वाहत होते. मग नाकाखाली एक पुळी आली, ती फुटली आणि तिथे पिवळी चिकट खपली धरली. आता तशीच एक हनुवटीवर आणि एक उजव्या मनगटाजवळ आहे. ताप नाही, जेवतो-खेळतो नीट, फक्त खाजवत राहतो. सासूबाई म्हणतात, रात्री झुरळ चाटले असेल. माझ्या मिस्टरांना वर्षातून दोन-तीनदा ओठावर पुटकुळ्या येतात, डॉक्टरांनी त्याला हर्पीज सांगितले आहे. म्हणून त्यांचेच असायक्लोव्हिरचे मलम मुलाला चार दिवस लावले, पण फरक नाही. घरात नणंद बाळंतपणासाठी आली आहे, तिचे बाळ वीस दिवसांचे आहे. हा हर्पीजच आहे का? शाळेत पाठवू की नको?*
*— एक आई, चिपळूण*

तुमच्या वर्णनावरून हा हर्पीज नसून इम्पेटिगो असावा, असे मला वाटते. इम्पेटिगो म्हणजे त्वचेच्या अगदी वरच्या थराला जिवाणूंमुळे होणारा संसर्ग. हर्पीज विषाणूमुळे होतो. तुम्ही लावलेले मलम विषाणूवरचे आहे आणि जिवाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे चार दिवसांत फरक न पडणे स्वाभाविक आहे. अर्थात, केवळ मलमाचा उपयोग झाला नाही म्हणून हर्पीज नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. असायक्लोव्हिरचे मलम हर्पीजवरही उशिरा लावले तर फारसे काही करत नाही. पुटकुळ्या येण्याआधी जी चुणचुण होते, तेव्हाच ते लावायला सुरुवात केली तर बरे होण्याचा काळ थोडासा कमी होतो, एवढीच त्याची मर्यादित ताकद आहे. म्हणून निदान दुसऱ्या खुणांवरून करावे लागते आणि त्यांतली सर्वांत बोलकी खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे, ती म्हणजे पिवळी, चिकट खपली.

ही खपली कशी बनते ते समजले, तर ती काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे दोन्ही लक्षात येईल. इम्पेटिगो मुख्यतः स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमुळे होतो, काही वेळा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसमुळे, तर काही वेळा दोन्ही मिळून. सर्दीत वाहणाऱ्या नाकामुळे आणि ते सारखे पुसल्यामुळे नाकाखालची त्वचा सोलवटते आणि तिथून जिवाणूंना वाट मिळते. ते त्वचेत खोल जात नाहीत, सर्वांत वरच्या मृत थराच्या लगेच खाली वाढतात. त्यामुळे तिथे येणाऱ्या फोडाचे आवरण कागदापेक्षाही नाजूक असते आणि बहुतेक घरांत तो फोड कोणी पाहिलेलाच नसतो, कारण तो काही तासांतच फुटतो. फुटल्यावर खालच्या ओल्या पृष्ठभागातून लस झिरपत राहते. त्या लशीत रक्तातली प्रथिने, पांढऱ्या पेशी आणि जिवाणू असतात. ती थरावर थर वाळत जाते आणि तिला सोनेरी-पिवळा, किंचित पारदर्शक रंग येतो. बरणीच्या काठावर सांडून घट्ट झालेला मध जसा दिसतो, तशीच ही खपली दिसते आणि त्वचेला वरून चिकटवल्यासारखी वाटते. कोमट ओल्या कापडाने ती भिजवून अलगद उचलली, तर खाली लालसर, ओली, चकाकणारी पण उथळ जागा दिसते, आणि काही तासांत तिच्यावर पुन्हा नवी पिवळी लस जमू लागते.

ओठावरच्या हर्पीजची गोष्ट निराळ्या क्रमाने घडते. हर्पीज सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला प्रकार एकदा शरीरात शिरला की चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत तो कायमचा सुप्त राहतो आणि ताप, कडक ऊन, दगदग किंवा मासिक पाळी अशा निमित्ताने त्याच मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच तुमच्या मिस्टरांना बहुधा प्रत्येक वेळी ओठाच्या त्याच जागी त्रास होत असेल. त्यांना एकदा विचारून पाहा. बहुतेक माणसे सांगतात की आधी काही तास, कधी दिवसभर, तिथे चुणचुणते, जळजळते किंवा ताणल्यासारखे वाटते. मग टाचणीच्या डोक्याएवढ्या, पाण्यासारखा स्वच्छ द्रव असलेल्या पुटकुळ्या एकमेकींना चिकटून घोळक्याने येतात, बहुधा ओठ आणि त्वचा जिथे मिळतात त्या कडेवर. दोन-तीन दिवसांत त्या फुटतात आणि वाळून तपकिरी, काळपट, कडक खपली धरतात. ती हसताना किंवा तोंड उघडताना चिरते आणि दुखते. साधारण 7 ते 10 दिवसांत सगळे ओसरते.

म्हणजे दोन्ही आजारांत फोड येतो, फुटतो आणि खपली धरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी आरशात दिसते ती फक्त खपली, आणि म्हणूनच घोटाळा होतो. खपली मधाच्या रंगाची, चिकट आणि वाढत जाणारी असेल, तर पारडे इम्पेटिगोच्या बाजूला झुकते. गडद, कोरडी, जागच्या जागी आक्रसणारी असेल, तर हर्पीजच्या बाजूला. एक काळजी मात्र घ्या. सावळ्या त्वचेवर खपलीभोवतीची लाली ठळक दिसत नाही, ती जांभळट किंवा नुसती काळसर वाटते, आणि खाजवून रक्त मिसळले की मधाचा रंगही तपकिरी होतो. म्हणून खपली दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहा आणि मध्यभागापेक्षा तिच्या ताज्या कडेकडे जास्त लक्ष द्या, कारण खरा रंग तिथे टिकून असतो. कडेचा आकारही काही सांगतो. हर्पीजमध्ये अनेक लहान पुटकुळ्या एकत्र होऊन जखम झालेली असते, त्यामुळे तिची कड फुलाच्या पाकळ्यांसारखी, लहान लहान अर्धगोलांची दिसते. इम्पेटिगोची कड तशी कोरलेली नसते, ती लस जिथवर ओघळली तिथवर पसरलेली असते.

आता खपलीची मर्यादा सांगतो, कारण याच ठिकाणी माझी स्वतःची एकदा चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी जून अखेरीस एका नऊ वर्षांच्या मुलीला तिची आई घेऊन आली. वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यापाशी रुपयाच्या नाण्याएवढी, अगदी पुस्तकात असावी तशी मधाच्या रंगाची खपली होती. मी इम्पेटिगो असे निदान केले आणि जिवाणूंवरचे मलम 5 दिवस लावायला दिले. खपली गेली, जागा भरून आली, सगळेच समाधानी झाले. ऑक्टोबरमध्ये सर्दी-तापानंतर तीच मुलगी पुन्हा आली. ओठाच्या त्याच कोपऱ्यावर या वेळी खपली नव्हती, स्वच्छ पाण्याच्या सहा-सात पुटकुळ्यांचा झुबका होता. मी आईला विचारले तेव्हा कळले, की जूनमध्येही खपली धरण्याआधी दोन दिवस तिथे चुणचुणत होते आणि मुलगी "मुंग्या चावतात" म्हणत होती. त्या वेळी मी हे विचारलेच नव्हते. जूनमध्ये हर्पीज झाला होता, तिने तो खाजवला, नखांतले जिवाणू त्या उघड्या जखमेत गेले आणि हर्पीजवर इम्पेटिगो चढला. मी दिलेले मलम चुकीचे नव्हते, पण निदान अर्धेच होते.

मधाच्या रंगाची खपली एवढेच सांगते, की आज या जागेवर जिवाणू वाढत आहेत आणि लस वाळते आहे. तिच्याखाली सुरुवात कशाने झाली होती, हे तिला सांगता येत नाही. हर्पीज, खरूज, इसब, डासाचा चावा, साधे खरचटणे, यांपैकी कशावरही जिवाणू बसले की तशीच खपली येते. म्हणून खपली पाहिल्यावर सुरुवातीकडे परत जावे लागते. खपलीआधी चुणचुण किंवा जळजळ होती का, याच जागी पूर्वी असे झाले होते का, पहिल्या दिवशी एक पुळी होती की पुटकुळ्यांचा झुबका, आणि नंतर त्वचेवर दूर कुठे नवीन जागा निघाली का?

तुमच्या मुलाच्या बाबतीत या प्रश्नांची बरीच उत्तरे पत्रातच आहेत. सुरुवात एका पुळीने झाली, तीही सर्दीने सोलवटलेल्या नाकाखाली, आणि हे इम्पेटिगोचे अगदी आवडते ठिकाण आहे. त्याला खाज आहे, पण आगआग किंवा दुखणे तुम्ही लिहिलेले नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मनगटाजवळची जागा. मुले नाकाचे पाणी मनगटाच्या मागच्या बाजूने पुसतात. नाकाखालची लस तिथे लागते आणि नवीन खपली उगवते. परत परत येणारा हर्पीज बहुधा आपली जागा सोडत नाही, तर इम्पेटिगो बोटांवरून, मनगटावरून, टॉवेलवरून प्रवास करतो. आणखी एक गोष्ट हर्पीजच्या विरोधात जाते. लहान मुलाला हर्पीज पहिल्यांदा होतो तेव्हा अनेकदा काही त्रासच होत नाही, पण झाला तर तो सहसा जोरदार असतो. ताप येतो, हिरड्या सुजून लाल होतात, तोंडात आणि जिभेवर व्रण येतात, लाळ गळते आणि मूल पाणीसुद्धा नाकारते. नीट जेवणारा-खेळणारा मुलगा त्या चित्रात बसत नाही. हनुवटीखाली अवधाण आले असेल तर त्याला मात्र वेगळा अर्थ देऊ नका, ते दोन्ही आजारांत येते.

झुरळ चाटल्याचे स्पष्टीकरण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, कारण मूल रात्री चांगले झोपते आणि सकाळी तोंडाजवळ खपली दिसते. रात्रीत फोड फुटून लस वाळलेली असते, म्हणून ती सकाळीच दिसते. सासूबाईंना हे शांतपणे सांगा, आणि त्या जागेवर चुना, टूथपेस्ट किंवा हळदीचा लेप लावू नका. त्याहूनही कळकळीने सांगायची गोष्ट म्हणजे औषधाच्या दुकानातून खाज, बुरशी आणि जंतू या सगळ्यांवर एकच म्हणून मिळणारे मिश्र मलम आणू नका. अशा बहुतेक मलमांत स्टेरॉईड असते. ते लाली आणि खाज दोन दिवस दाबते, त्यामुळे बरे वाटते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती कमी होऊन खालचा संसर्ग पसरतो आणि हर्पीज असेल तर तो चिघळतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्या खपल्यांचे निदान सर्वांत अवघड जाते, त्यांतल्या बऱ्याच आधी असे मलम लावलेल्या असतात, कारण रंग, कड आणि आकार या तिन्ही खुणा त्याने पुसल्या जातात.

असायक्लोव्हिर आजपासून बंद करा आणि मुलाला एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. जाण्यापूर्वी खपल्या धुऊन काढण्याआधी तिन्ही जागांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, कारण स्वच्छ धुतलेल्या जखमेत निदानाची निम्मी माहिती वाहून जाते. पुष्कळदा पाहूनच निदान होते. शंका असेल तर डॉक्टर लशीचा नमुना कापसाच्या काडीवर घेऊन जिवाणूंच्या तपासणीसाठी, किंवा ताज्या पुटकुळीतला द्रव विषाणूच्या तपासणीसाठी पाठवतात. अशा दोन-चार मर्यादित जागांसाठी सहसा म्युपिरोसिन 2 टक्के हे मलम दिवसातून 3 वेळा, 5 दिवस दिले जाते. काही डॉक्टर फ्युसिडिक अॅसिड देतात. जागा खूप असतील, मोठे पाण्याचे फोड असतील, ताप असेल किंवा घरात आणखी कोणाला झाले असेल, तर तोंडाने घेण्याचे प्रतिजैविक लागते आणि त्याचे प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते. मोठ्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या त्याला देऊ नका.

मलम काम करते की नाही, हे पुष्कळदा खपलीवरच ठरते. जाड खपलीवर लावलेले मलम खपलीवरच राहते, खालच्या जिवाणूंपर्यंत पोचत नाही. म्हणून उकळून कोमट केलेल्या पाण्यात मऊ सुती कापड भिजवून, पिळून, खपलीवर 5 ते 10 मिनिटे ठेवा. खपली मऊ झाली की थोडा साधा साबण लावून जेवढी सहज सुटेल तेवढीच काढा. ओढून रक्त काढायचे नाही, राहिलेली पुढच्या वेळी सुटेल. जागा टिपून कोरडी करा, हात धुवा आणि मलमाचा पातळ थर जागेच्या कडेच्या थोडा बाहेरपर्यंत लावा, नंतर पुन्हा हात धुवा. वापरलेले कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री करा. मुलाची नखे आजच कापा, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा आणि मनगटाची जागा हलक्या पट्टीने झाका. तिसऱ्या दिवसापर्यंत नवी लस येणे थांबून कडा सुकायला हव्यात. तसे झाले नाही, किंवा नवीन जागा निघाल्या, तर मलमाचे दिवस वाढवत बसू नका, परत दाखवा. तो जिवाणू त्या औषधाला दाद देत नसेल किंवा खाली खरूज वा हर्पीज दडलेला असेल. बरे होऊन पुन्हा पुन्हा नाकापाशीच होत राहिले, तर नाकपुडीच्या आत जिवाणूंचे ठाणे असण्याचा विचार डॉक्टर करतील. कित्येक निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस मुक्कामाला असतो. खोल जखम नसल्याने व्रण राहत नाही. काही आठवडे तिथे फिकट किंवा काळसर डाग दिसतो, तो आपोआप जातो.

वीस दिवसांच्या बाळाबद्दल मात्र मी दोन्ही आजारांसाठी सावध राहायला सांगेन. मुलाची लस पूर्ण सुकेपर्यंत त्याने बाळाला हात लावू नये. आणि यापेक्षाही मोठी खबरदारी तुमच्या मिस्टरांसाठी आहे. ज्या दिवसापासून त्यांना चुणचुण सुरू होईल, त्या दिवसापासून खपली पडून त्वचा भरेपर्यंत त्यांनी बाळाचा पापा घेऊ नये आणि ओठाला हात लागला तर साबणाने धुतल्याशिवाय बाळाला उचलू नये. मोठ्यांमध्ये किरकोळ असणारा हा विषाणू पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत पोचू शकतो. बाळाच्या अंगावर एखादी जरी पुटकुळी दिसली, ते दूध ओढेनासे झाले, मलूल झाले, त्याला ताप आला किंवा अंग गार पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या. याचा अर्थ मिस्टरांना घरात वेगळे टाकावे असा मुळीच नाही. ओठावरचा हर्पीज अतिशय सामान्य आहे, बहुतेकांना तो लहानपणीच कोणा जवळच्याच्या मायेच्या स्पर्शातून मिळालेला असतो, आणि पुटकुळ्या नसताना धोका खूपच कमी असतो.

मुलाच्या डोळ्याच्या पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर पुटकुळ्या आल्या, डोळा लाल होऊन उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या, कारण हर्पीज डोळ्याच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्यावर पसरू शकतो. खपलीभोवतीची त्वचा गरम, घट्ट आणि दुखरी होऊन सूज पसरू लागली आणि ताप आला, तर तो जिवाणू खोल उतरल्याचा इशारा आहे, तेव्हाही थांबू नका. मुलाला आधीपासून इसब असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. इसबाच्या त्वचेवर हर्पीज झपाट्याने पसरतो आणि तिथे एकसारख्या आकाराच्या, टोचून काढल्यासारख्या लहान जखमा दिसतात.

शाळेबद्दल: औषध सुरू करून 48 तास झाले, किंवा सगळ्या जागा सुकून खपली पडली, की त्याला पाठवा, तोपर्यंत घरी ठेवा. वर्गशिक्षिकेला "इम्पेटिगो, उपचार चालू आहेत" असे स्पष्ट सांगा. नुसते हर्पीज म्हटले की लोक त्याची नागिणीशी किंवा गुप्तरोगाशी गल्लत करतात आणि त्या कुजबुजीचा त्रास मुलाला होतो. मुलगा बरा झाल्यावरही पुढचे तीन-चार आठवडे सकाळी त्याचा चेहरा आणि लघवीचा रंग पाहत जा. स्ट्रेप्टोकोकसमुळे झालेल्या इम्पेटिगोनंतर, क्वचित, मूत्रपिंडाला सूज येते. मलम वेळेवर लावले तरी ही शक्यता पूर्णपणे टळत नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगवटा असेल, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल किंवा कमी होत असेल, तर लघवीची तपासणी आणि रक्तदाबाची मोजणी त्याच दिवशी करून घ्या, आणि महिन्याभरापूर्वी तोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या आल्या होत्या, हे डॉक्टरांना न विसरता सांगा.